एक आकडा परत टाकायचा होता

चूक झाली तर ती कुणाची, हे विचारायचं नाही, असा त्या ऑफिसात नियम होता. कशी झाली, का झाली, आधी का लक्षात आली नाही, हे सगळं खोदून खोदून विचारायचं. फक्त ‘कोण’ हा शब्द काढायचा नाही. अहवालात नावं यायची नाहीत. ‘बदल करणारा अभियंता’, ‘तपासणारा अभियंता’, ‘ड्यूटीवरचा अभियंता’ असंच लिहायचं. एकदा एकाने प्रामाणिकपणे ‘माझं चुकलं’ असं लिहून ठेवलं, तर तेवढं वाक्य काढायला लावलं. “इथे स्वतःची चूकसुद्धा स्वतःच्या मालकीची नाही,” असं तेव्हा डेटाबेसवाला म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

हा नियम मास्तरांनी आणला होता. ते काही शाळेत शिकवत नव्हते, अभियंतेच होते; पण त्या मजल्यावरचा एकही माणूस असा नव्हता, जो त्यांच्याकडून काही शिकला नव्हता. “नाव आलं की माणूस स्वतःला वाचवायला लागतो,” ते म्हणायचे, “आणि माणूस वाचला की यंत्र दुरुस्त व्हायचं राहून जातं.” अहवाल झाकून ठेवायचा नाही, ग्राहकांनाही वाचता येईल असा संकेतस्थळावर लावायचा, हाही त्यांचाच हट्ट.

आणि अहवाल लिहायचं काम त्यांनी कारकूनबाईकडे सोपवलं होतं. हे नावही त्यांनीच पाडलेलं. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले असताना तिने त्यांचा स्वतःचा अहवाल ‘मधल्या दहा मिनिटांत काय केलं ते कळत नाही’ म्हणून परत पाठवला होता. मास्तर चष्मा कपाळावर चढवून तिच्या टेबलाशी आले. “काय कारकूनबाई, दहा मिनिटांचा हिशोब पाहिजे? चहा प्यायला गेलो होतो. लिहू?” ती म्हणाली, “लिहा.” त्यांनी लिहिलं. तेव्हापासून ती कारकूनबाई झाली. तिला त्याचा राग कधी आला नाही. आता तर त्या नावाने कुणी हाक मारली, की ती क्षणभर मागे वळून बघायची.

मास्तरांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. पूर्वी या अहवालाला सगळे सर्रास पोस्टमॉर्टेम म्हणत. आता तो शब्द कुणाच्या तोंडून निघत नव्हता. सगळे नुसतं ‘अहवाल’ म्हणत.

कंपनी लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं विकायची. जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, जेव्हा अर्धं शहर बॅगा घेऊन स्टँडवर आलेलं असतं, नेमकी तेव्हा सगळी यंत्रणा बसली. नवीन तिकीट निघेना, ते एक वेळ परवडलं असतं. पण काढलेलं तिकीटही फोनवर उघडेना. कंडक्टर म्हणतोय तिकीट दाखवा, माणूस म्हणतोय पैसे भरलेत हो, आणि फोनच्या पडद्यावर एक चाक नुसतं गरगरतंय. किती बस माणसं खाली ठेवून निघून गेल्या, ते नंतर कळलं.

झालं होतं ते असं. तिकिटांची सगळी माहिती एका डेटाबेसात असते. तिथे एका वेळी पाचशेच जोडण्या उघडता येतात. तिकीटघराला पाचशे खिडक्या आहेत असं समजा. लोकांच्या फोनशी बोलणारी मशीन बारा. प्रत्येकाने जास्तीत जास्त चाळीस खिडक्या अडवायच्या, असा आकडा एका सामाईक फाइलीत लिहिलेला. बारा गुणिले चाळीस चारशे ऐंशी, पाचशेच्या आत. पण त्या फाइलीत चाळीसच्या जागी एकशेवीस होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मशीन लागतील तेवढ्याच खिडक्या घेतं आणि एरवी पंधरा-वीसच्या वर कधी लागत नाहीत. त्या संध्याकाळी गर्दी वाढली तशी बाराही मशीन वर वर चढत गेली. पाचशे भरले, आणि पुढच्याला दार बंद.

डेटाबेसवाला तर रडकुंडीला आला होता. त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या दोन-तीन खिडक्याही देखरेखीच्या यंत्रांनी खाल्लेल्या. “मालकालाच घरात शिरायला जागा नाही!” तो ओरडत होता. मशीन बंद करून परत चालू केली, तर ताटकळलेले लोक एकदम तुटून पडले आणि खिडक्या पुन्हा भरल्या. शेवटी कारकूनबाईनेच ती फाइल उघडली, आकडा पाहिला, चाळीस केला, आणि मग हळूहळू चाक गरगरायचं थांबलं.

आकडा कधी बदलला, कुणी बदलला, हे फाइलीच्या इतिहासात असतंच. तिने ते पान उघडलं. तिच्या खांद्यावरून डेटाबेसवाला वाकून बघत होता. 

बदल मास्तरांचा होता, त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवसाचा, आजारपणात घरून केलेला. दुसऱ्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि ते परत आले नाहीत. बदलाच्या शेजारी कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘जुनी तिकिटं नव्या रचनेत हलवण्यासाठी, तात्पुरता.’

अहवालाचे बाकीचे भाग कारकूनबाईने दोन दिवसांत लिहून टाकले. काय घडलं, किती लोकांना त्रास झाला, कसं सावरलं. जुनी तिकिटं हलवायला जास्त खिडक्या लागत होत्या; ते काम एकाच मशीनवर होतं, पण फाइलीत मशीनप्रमाणे वेगळा आकडा द्यायची सोय नव्हती, म्हणून तो बाराही मशीनना लागू झाला. तपासणाऱ्यानेही ‘तात्पुरता’ शब्द वाचून होकार दिला. आणि तात्पुरत्याची मुदत संपली हे सांगणारं यंत्रणेत काहीच नव्हतं. हे सगळं बसलं. एकच भाग कोरा राहिला. त्याचं शीर्षक मास्तरांनीच ठरवलेलं होतं: ‘त्या वेळी असं करणं बरोबर का वाटलं?’

हा भाग अंदाजाने लिहायचा नाही, अशी शिस्त होती. त्या माणसाजवळ जाऊन बसायचं, त्याच्यासाठी चहा आणायचा, आणि विचारायचं. मास्तर म्हणायचे, मूर्खासारखं वागायला कुणी घरून निघत नाही. त्याला तेव्हा जे दिसत होतं त्यावरून तो शहाणाच होता. ते काय दिसत होतं, ते शोधा.

आता कुणाला विचारायचं? कारकूनबाई त्या कोऱ्या जागेकडे बघत बसायची आणि मग उठून पाणी प्यायला जायची.

मास्तरांची लेक ऑफिसात आली ती लॅपटॉप परत करायला. सामान सांभाळणाऱ्याने दोनदा फोन केला होता म्हणे. तिसऱ्यांदा करायची वेळ तिने येऊ दिली नाही. तिशीच्या आतबाहेरची, वडिलांसारखंच रुंद कपाळ. कारकूनबाई तिला काचेच्या छोट्या खोलीत घेऊन बसली.

“तुम्ही कारकूनबाई ना? बाबा सारखं बोलायचे तुमच्याबद्दल.”

“काय बोलायचे?”

“की तुम्ही यमाकडूनसुद्धा मधल्या दहा मिनिटांचा हिशोब मागाल.”

दोघी हसल्या, आणि दोघींनाही ते हसू कुठे ठेवावं कळेना.

लेकीने कापडी पिशवीतून लॅपटॉप काढला, ओळखपत्र काढलं, लॉगिनची छोटी चावी काढली, आणि शेवटी चार्जर. त्याची वायर आठाच्या आकारात घट्ट गुंडाळून रबर लावलेलं होतं. “ही त्यांनीच गुंडाळलेली. मी सोडली नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सोडावीच लागेल म्हणा.”

“नाही लागत,” कारकूनबाई म्हणाली. “चार्जर पुष्कळ आहेत आमच्याकडे.”

मग लेक जरा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“ताई, एक विचारू? खाली मला एकजण भेटले. चांगल्या मनाने बोलत होते. म्हणाले, त्या दिवशी जे सगळं बंद पडलं, ते बाबांच्या एका आकड्यामुळे. पण त्यांना कुणी दोष देत नाहीये हं, आजारी होते बिचारे.”

“इथे दोष कुणालाच देत नाहीत.”

“ते माहीत आहे मला. घरीही तोच नियम होता. कप फुटला तरी कुणी फोडला विचारायचं नाही. कप काठावर का होता, ते विचारायचं. मला दोषाचं काही नाही. डॉक्टर म्हणाले होते की त्यांचं डोकं शेवटी शेवटी स्थिर नसणार, आधीपासूनच नसेल, तुमच्या लक्षात आलं नसेल. तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळतंय. शेवटच्या दिवसांत ते माझ्याशी जे बोलले ते त्यांचं होतं की आजाराचं? त्या आकड्यावरून तुम्हाला कळेल ना हे? बाबांचं डोकं ठिकाणावर होतं की नाही, एवढंच सांगा. नव्हतं, तरी सांगा.”

कारकूनबाईने विचार करून विचारलं, “त्या दिवशी तू घरी होतीस?”

“मीच होते. आम्ही दोघंच.” लेकीचा चेहरा एकदम मोकळा झाला. “तो दिवस चांगला होता हो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर हे. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी दोनदा ताट गरम केलं. शेवटी जाऊन उभी राहिले समोर. म्हटलं, बाबा, उठा. तर म्हणाले, ‘अगं, एकच आकडा परत टाकायचाय, टाकतो आणि उठतो.’ मी म्हटलं, आकडे कुठे पळून जात नाहीत. अन्न मात्र गार होतं. आणि हे झाकण मिटलं मी. असं.”

तिने हात लॅपटॉपवर ठेवून दाखवलं.

“मला वाटलं चिडतील. आयुष्यात कधी माझं ऐकलं नव्हतं त्यांनी, जेवणाच्या बाबतीत तर नाहीच. पण हसले. ‘बरं बाई, उद्या सकाळी उठल्या उठल्या टाकतो’ म्हणाले. आणि जेवले, ताई. नीट जेवले. पुन्हा मागून घेतलं. जेवण झाल्यावर स्वतः ही वायर गुंडाळली. पहाटे श्वास लागला. त्यानंतर तोंडाने काही गेलंच नाही त्यांच्या. तेवढं एक जेवण माझ्याजवळ आहे.”

कारकूनबाईच्या समोर लॅपटॉप होता, आणि त्याच्या झाकणावर तो हात अजून तसाच होता. कोऱ्या जागेचं उत्तर ते होतं. इतकं स्वच्छ उत्तर तिला आजवरच्या कुठल्या अहवालात मिळालं नव्हतं. मास्तर विसरले नव्हते. काम संपलं होतं, आकडा परत टाकायचा होता, तो कुठला हेही त्यांना माहीत होतं, बोटं त्यावरच होती. डोकं अगदी ठिकाणावर होतं. समोरच्या मुलीला हवं होतं ते नेमकं हेच, आणि ते द्यायला तोंड उघडलं की त्याच वाक्यातून ते जेवण तिच्याकडून काढून घ्यावं लागणार होतं.

“मला थोडा वेळ दे,” ती म्हणाली. “नीट पाहून सांगते.”

“द्या ना वेळ. मी वाचेन अहवाल. लावता ना तुम्ही तो बाहेर?”

“लावतो,” कारकूनबाई म्हणाली.

लेक गेल्यावर तिने लॅपटॉप आणि चावी सामानवाल्याकडे दिली. चार्जर आपल्या खणात ठेवला.

अहवालाच्या बैठकीला फक्त तिघंच होते: मॅनेजर, डेटाबेसवाला आणि ती. भिंतीवरच्या पडद्यावर मसुदा, आणि त्यात ती कोरी जागा.

“हा भाग संपवू आज,” मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. मास्तर गेले तेव्हा त्याने हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढली होती. “ग्राहक थांबलेत. वरूनही विचारणा आहे.”

“एका ओळीचं तर काम आहे,” डेटाबेसवाला म्हणाला. “लिही, ‘बदल करणारा अभियंता त्या काळात गंभीर आजारी होता.’ संपलं. खरंही आहे.”

“त्यांच्या आजाराने आकडा बदलला?”

“आकडा त्यांनी बदलला, आणि आजाराने विसरले. दोन आणि दोन चार. मला काय हौस आहे का?”

“कारण लोकांनाही समजेल,” मॅनेजर हळूच म्हणाला. “कुणी वाईट म्हणणार नाही. उलट...”

“उलट हळहळतील,” कारकूनबाई म्हणाली. “आणि आपण दुरुस्ती काय लिहायची? आजारी पडू नये?”

डेटाबेसवाल्याने पेन टेबलावर टाकलं. “तू माझ्यावर का चिडतेस? होकार कुणी दिला होता त्या बदलाला, माहीत आहे ना? मी. मास्तरांनी मागितला, मी बघितलाही नाही. एकशेवीस काय, बाराशे असते तरी दिला असता. ते तू ‘तपासणारा अभियंता’ म्हणून गुळगुळीत करून ठेवलंयस. मला नकोय ते. माझं नाव घाल.”

“नावं नाहीत,” मॅनेजर म्हणाला.

“हो ना. नावं नाहीत. मग रात्री झोप का येत नाही ते तरी लिहा कुठल्या तरी रकान्यात.”

 एसीचा आवाज तेवढा येत होता.

“ते विसरले नव्हते,” कारकूनबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“कशावरून?”

“त्यांनी ‘तात्पुरता’ असं स्वतः लिहिलंय.”

“लिहिलं आणि विसरले. मी पण रोज लिहितो.”

“विसरले नव्हते. आकडा परत टाकायच्या बेतातच होते. काम मध्येच थांबवावं लागलं त्यांना.”

“कोणी थांबव...” डेटाबेसवाल्याने विचारायला घेतलं, आणि सवयीने मॅनेजरचा हात वर गेला.

“कोण नाही विचारायचं.”

डेटाबेसवाला तोंड उघडं ठेवून थांबला. मग त्याने कारकूनबाईकडे बघितलं, बराच वेळ. परवा काचेच्या खोलीत कोण बसलं होतं, हे सगळ्या मजल्याने पाहिलं होतं. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. पण त्याने पेन उचललं आणि टोपण लावलं.

“बरं,” तो म्हणाला. “लिही तसं.”

तिने त्यांच्या देखतच लिहिलं. ‘बदल करणाऱ्या अभियंत्याला हा आकडा पूर्ववत करायचा आहे, हे शेवटपर्यंत पूर्ण ध्यानात होतं. तो पूर्ववत करत असतानाच काम थांबवावं लागलं. त्यानंतर ही गोष्ट माहीत असलेलं दुसरं कुणी नव्हतं, आणि यंत्रणेनेही आठवण दिली नाही. आमची चूक ही की एवढी मोठी गोष्ट आम्ही एकाच माणसाच्या लक्षात ठेवली होती.’ आणि खाली दुरुस्ती: तात्पुरता म्हणून टाकलेला आकडा मुदत संपताच आपोआप मूळ जागी जाईल.

मॅनेजरने वाचलं. “चांगलं आहे,” तो म्हणाला. “मास्तरांना आवडलं असतं.”

कारकूनबाईला मात्र त्यातलं एक वाक्य कुसळासारखं टोचत होतं. ‘काम थांबवावं लागलं.’ ते काढलं तर वरचं ‘ध्यानात होतं’ कुणाला पटणार नव्हतं. ठेवलं, तर वाचणाऱ्यांत एकटी लेकच अशी होती जिला त्यातलं सगळं वाचता येणार होतं. तिने ते तीनदा फिरवून पाहिलं. ‘काम अपूर्ण राहिलं.’ ‘काम पूर्ण होऊ शकलं नाही.’ शब्द कसेही बसवले तरी वाक्यात एक खुर्ची होती, तिच्यासमोर कुणीतरी उभं होतं, आणि ताट गार होत होतं. निर्दोष भाषा लिहिण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं, आणि तिच्या हातून एक वाक्य निर्दोष होईना.

शेवटी तिने पहिलंच ठेवलं. अहवाल लागला.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

“ताई, वाचलं मी.” आवाज धावून आल्यासारखा. “‘पूर्ण ध्यानात होतं.’ असं लिहिलंय तुम्ही. हे खरं ना? माझ्यासाठी म्हणून नाही ना लिहिलं?”

“मी कुणासाठी म्हणून लिहीत नाही. तुझ्या बाबांसाठीसुद्धा कधी लिहिलं नाही.”

“हो. हो, ते म्हणायचे.” ती रडत होती आणि मोकळी होत होती, असं कारकूनबाईला वाटलं. “म्हणजे ते बोलले ते सगळं त्यांचंच होतं. बरं झालं. फार बरं झालं, ताई. डॉक्टरांना काय कळतं.”

“काही कळत नाही.”

मग पलीकडे शांत झालं. कारकूनबाईला ती शांतता ओळखीची होती. अहवाल वाचणारा माणूस खालच्या ओळीवरून परत वरच्या ओळीवर गेला, की अशी होते. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. आता काहीतरी बोलून टाकावं, हवेबद्दल, चार्जरबद्दल, काहीही. 

“‘पूर्ववत करत असतानाच काम थांबवावं लागलं,’” लेकीने वाचलं. सावकाश, शब्दावर बोट ठेवून वाचावं तसं. “हे... हे तोच आकडा का? परत टाकायचा?”

“त्यात अनेक कारणं असतात. फाइलीत सोय नव्हती. तपासणाऱ्याने पाहिलं नाही. आम्ही कुणी...”

“ताई. तो तोच का?”

“हो,” कारकूनबाई म्हणाली.

“मी मिटलं झाकण.”

“अगं, त्यात ‘कोण’ नसतं. तुला माहीत आहे. आणि उद्या टाकतो, हे त्यांनीच म्हटलं ना?”

“मी उभी होते म्हणून म्हटलं.”

“पाचशे खिडक्यांची यंत्रणा एका झाकणावर उभी होती, हे चुकलं. ते आमचं आहे. तुझ्या बाबांनी हेच सांगितलं असतं. कप काठावर का होता, विचार.”

“हो,” लेक म्हणाली. “हेच सांगितलं असतं.” मग खूप वेळाने: “किती लोक राहिले होते स्टँडवर? मी तो आकडा वाचला नाही.”

कारकूनबाईला तो आकडा पाठ होता. तिने तो सांगितला नाही.

“जेवले होते हो ते,” लेक म्हणाली. जणू कुणीतरी त्यावर शंका घेतली होती. “पुन्हा मागून घेतलं होतं.”

“जेवले ते चांगलं झालं.”

“हो ना?”

“हो.”

“ठेवते,” लेक म्हणाली, पण तिने लगेच ठेवला नाही, आणि कारकूनबाईनेही नाही.  मग फोन आपोआप कट झाला की तिने केला, ते कळलं नाही.

कारकूनबाईने अहवाल उघडला. लागलेल्या अहवालातलं वाक्य गुपचूप बदलता येत नाही. काय बदललं आणि का, हे खाली सगळ्यांना दिसेल असं लिहावं लागतं. ती अटही मास्तरांचीच. तिने बदलाचं पान उघडलं, वाक्य निवडलं. ‘का’ या रकान्यात उभी रेघ लुकलुकत राहिली. बऱ्याच वेळाने तिने काही न लिहिता पान बंद केलं. दुपारी तिने लेकीला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला नाही. काय बोलणार होती?

दुरुस्ती तयार व्हायला आठवडा लागला. डेटाबेसवाल्याने ती इतर सगळी कामं बाजूला ठेवून स्वतः केली. चाचणीच्या दिवशी तो कारकूनबाईच्या टेबलाशी आला आणि त्याने चाचणीच्या यंत्रणेवर आकडा बदलला: चाळीसचे एकशेवीस. कारण: तात्पुरता. मुदत: अर्धा तास.

“आता कुणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “अर्ध्या तासाने जायला पाहिजे परत.”

दोघं थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. एकशेवीस, एकशेवीस. मजला हळूहळू रिकामा होत होता. डबे उघडल्याचा आवाज पलीकडच्या खोलीतून येत होता.

“चल, जेवून येऊ,” डेटाबेसवाला म्हणाला. “आता बसून राहायची गरज नाही. तेच तर केलंय. माणूस उठला तरी चालतं.”

“तू हो पुढे.”

“अगं, आपोआप होतं ते. कारकूनबाई, ऊठ. अन्न गार होतंय.”

ती दचकली. त्याला काही माहीत नव्हतं. जेवायला बोलावताना माणसं जे बोलतात, तेच तो बोलला होता.

“उठतेच आहे,” ती म्हणाली. “एकच आकडा बघायचाय.”

तो मान हलवून गेला. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. खण थोडा उघडा होता आणि आत ती आठाच्या आकारात गुंडाळलेली वायर दिसत होती, रबरासकट. तिने खण बंद केला. पलीकडे कुणीतरी हसलं, कुणीतरी पाणी मागितलं, कुणीतरी तिच्या नावाने परत हाक मारली.

पडद्यावर एकशेवीसचे चाळीस झाले. काही आवाज झाला नाही. खाली एक ओळ आली: ‘तात्पुरता आकडा पूर्ववत केला.’ केला म्हणजे कुणी, ते लिहिलेलं नव्हतं. आता उठायला हरकत नव्हती.